मार्चच्या मागे ऑक्टोबर

सुंदर दिसणाऱ्या गोष्टींचा मला लहानपणापासून सोस. वहीला कव्हर घालताना कोपरा दुमडला तर सगळं काढून पुन्हा घालणारी मी. लातूरकडून शिकायला आले, शिकले, चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी विभागात लागले, तरी हा सोस सुटला नाही. आकड्यांचं काम माझ्याकडे आलं ते त्यामुळेच. आमच्या विभागात बाकी सगळे हेल्मेट, गॉगल आणि फायर ड्रिलवाले. आलेख काढायचा म्हटलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या आणि मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आमच्या प्लांटमध्ये दुचाकीच्या लोखंडी भागांवर पावडर कोटिंग होतं. भाग डोक्यावरून फिरणाऱ्या साखळीला लोखंडी हँगरच्या हुकांनी टांगतात, धुतात, त्यांच्यावर रंगाची पावडर उडवतात आणि मग ते लांबलचक ओव्हनमधून जातात. ओव्हनच्या तोंडाशी भाग बाहेर येतात ते चटका बसेल असेच. थोडं अंतर पुढे जाऊन निवले की बायका हातमोजे घालून ते हुकावरून उतरवतात. या जागेला सगळे 'उतरवणी' म्हणतात. पत्र्याची शेड, पाठीमागे ओव्हन, डोक्यावर साखळी. तिथे आठ तास उभं राहणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे असं मी तेव्हा समजत होते. कारण तिथला तापमानाचा सेन्सर मी बसवून घेतला होता. दर दहा मिनिटांनी एक नोंद, रात्रंदिवस, वर्षभर.

उतरवणीवरच्या बायकांसाठी उन्हाळ्यात खास व्यवस्था असते. ताक, ओआरएस, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक जादा बाई. ही जादा बाई पाळीपाळीने एकेकीची जागा घेते, म्हणजे प्रत्येकीला तासातून दहा मिनिटं गार खोलीत बसता येतं. कुठल्या महिन्यांत ही व्यवस्था ठेवायची, ते सेफ्टी कमिटी दर वर्षी फेब्रुवारीत ठरवते. कमिटीत निम्मे लोक मॅनेजमेंटचे, निम्मे कामगारांचे. उतरवणीच्या बाजूने एक बाई होत्या. त्या इथल्याच जुन्या गावच्या. कंपनीसाठी शेत गेलं, त्या बदल्यात घरात एक पक्की नोकरी आली, ती त्यांना मिळालेली. बाकीच्या बायका ठेकेदाराच्या, आज आहेत उद्या नाहीत अशा. सगळ्या त्यांना मावशी म्हणायच्या, मीही म्हणायचे. त्या मला मॅडम म्हणायच्या. मी कितीदा सांगितलं ताई म्हणा, पण नाही.

त्या वर्षी मावशींची एकच मागणी होती. व्यवस्था मार्चपासून जूनपर्यंत असते, ती ऑक्टोबरातही हवी. दिवाळीच्या आधी गाड्यांच्या ऑर्डरी वाढतात, दुपारच्या शिफ्टला दुसरा ओव्हनही चालू होतो, आणि वरून ऑक्टोबरचं ऊन. "मॅडम, दसऱ्याच्या टायमाला तिथं उभं राहवत न्हाई," त्यांनी मला मीटिंगच्या आठवडाभर आधी कँटीनमध्ये गाठून सांगितलं होतं. "तुमच्या मशिनीत समदं असंल ना?"

"सगळं आहे," मी म्हणाले. आणि ते खरंच होतं.

मी नुकतीच एका ट्रेनिंगमध्ये रिजलाइन प्लॉट नावाचा आलेख शिकून आले होते. तो दिसतो डोंगररांगेसारखा. प्रत्येक महिन्याला एक ओळ, आणि त्या ओळीवर एक टेकडी. आडवं तापमान. ज्या तापमानाच्या नोंदी जास्त, तिथे टेकडी उंच. म्हणजे उंची म्हणजे उष्णता नव्हे, उंची म्हणजे 'असं किती वेळा झालं'. उष्णता बघायची तर टेकडी किती उजवीकडे सरकली आहे ते बघायचं. बारा महिन्यांच्या बारा टेकड्या एकाखाली एक. जागा वाचावी म्हणून ओळी जवळजवळ आणतात आणि खालची टेकडी वरच्या ओळीवर थोडी चढू देतात. थोडी. या 'थोडी'वर सगळं अवलंबून असतं, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलंही होतं. मी ते लिहूनही घेतलं होतं.

हा चढ किती ठेवायचा, त्याला प्रोग्राममध्ये एक आकडा असतो. एक ठेवला तर सगळ्यात उंच टेकडीचं टोक वरच्या ओळीच्या पायाला जेमतेम टेकतं. मी एक ठेवून पाहिला. बारा ओळी, बुटक्या बुटक्या टेकड्या, काहीतरी दळण वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं. दोन ठेवला. बरं. चार ठेवला आणि पडद्यावर सह्याद्री उभा राहिला. आधी रंग पारदर्शक ठेवून पाहिले, म्हणजे मागचं पुढच्यातून दिसेल. पण तीन-चार टेकड्या एकमेकींवर आल्या की रंग मिसळून नुसता चिखल होत होता, कुठली कड कुणाची ते मलाच कळेना. मग मी रंग भरीव केले. वर निळे, खाली खाली केशरी, अगदी तळाला लालभडक. कडांना पांढरी बारीक रेघ. बघत राहावंसं वाटेल असं चित्र.

आणि शेवटचा हात असा फिरवला की महिने कॅलेंडरच्या क्रमाने ठेवलेच नाहीत. प्लांट हेडना एका नजरेत कळलं पाहिजे ना, कुठले महिने गरम! म्हणून प्रत्येक महिन्याच्या नोंदी चढत्या क्रमाने लावून मधली नोंद काढली आणि तिच्यावरून महिने लावले. सगळ्यात गार डिसेंबर वर, मागे. सगळ्यात गरम मे खाली, पुढे. छान जिना झाला. ऑक्टोबर त्या जिन्यावर मध्येच कुठेतरी आला, कारण त्याच्या महिनाभरातल्या निम्म्याहून जास्त नोंदी गारच होत्या. सुरुवातीचे पावसाचे दिवस, रात्री, आणि गुरुवारच्या सुट्टीला थंड पडलेला ओव्हन. त्याच्या लगेच पुढच्या ओळीत आला मार्च. मार्चमध्ये वर्षअखेरीची घाई, ओव्हन तिन्ही शिफ्टना चालू, गुरुवारीसुद्धा ओव्हरटाइम. त्यामुळे मार्चच्या नोंदी एका अरुंद पट्ट्यात दाटलेल्या आणि त्याची टेकडी सुळक्यासारखी उंच.

वर्गाच्या फोटोत उंच मुलांना पुढे उभं केलं तर मागच्यांचं काय होईल? तेच झालं. गरम महिने पुढे म्हणजे प्रत्येक पुढची टेकडी उजवीकडे फुगलेली, आणि ती मागच्या महिन्याची नेमकी उजवी बाजू झाकणार. मागच्या महिन्यातल्या सगळ्यात गरम दुपारीच तेवढ्या दिसेनाशा होणार. यापेक्षा वाईट क्रम शोधून काढायचा म्हटला असता तरी मला सापडला नसता. तेव्हा मात्र मला तो फार हुशारीचा वाटला होता.

मीटिंगमध्ये स्लाइड लागली आणि प्लांट हेड म्हणाले, "वा! हे कुणी केलं?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मग मावशींनी ऑक्टोबरचं काढलं. कागद न बघता, शांतपणे. प्लांट हेड पडद्याकडे बोट करून म्हणाले, "ऑक्टोबर दाखवा बरं कुठे आहे." मी लेझरचा लाल ठिपका ऑक्टोबरवर नेला. डावीकडे एक साधी, मऊ, हिरवट टेकडी, आणि मग ती मार्चच्या सुळक्यामागे उतरून गेलेली. उतरून गेली असं मी धरलं, बाकीच्यांनी मी धरलं ते धरलं.

"गरम तर मार्चपासून पुढचेच दिसतायत," ते म्हणाले.

आणि मग मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं. "मावशी, पावसाची सवय झालेली असते ना, म्हणून ऑक्टोबरचं ऊन आपल्याला जास्त वाटतं. नोंदींमध्ये तसं दिसत नाहीये." आवाज अगदी गोड काढला होता मी. लहान मुलाला समजावताना काढतात तसा. आज तो आवाज आठवला की तोंड लपवावंसं वाटतं.

मावशी त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं असं मला वाटलं. त्या शोधत होत्या, हे आता कळतं. "असंल," त्या शेवटी म्हणाल्या. "मशीन कशाला खोटं बोलंल." ऑक्टोबर बाद झाला. इतिवृत्तावर सगळ्यांनी सह्या केल्या.

इथवर माझी चूक होती. अशा चुका होतात, आणि एवढीच असती तर मी हे लिहायला बसलेही नसते.

ऑगस्टमध्ये मुख्य ऑफिसकडून मेल आला. सगळ्या प्लांटचे तापमानाचे आलेख एकसारखे हवेत, महिने कॅलेंडरच्या क्रमाने लावा. जरा कुरकुरतच मी तीच फाइल उघडली, क्रम बदलला, चित्र जरा बिघडलं म्हणून चढही कमी केला, दीडवर आणला. आणि सप्टेंबर-नोव्हेंबरच्या मध्ये ऑक्टोबरला दोन टेकड्या होत्या.

एक डावीकडची, ओळखीची. आणि दुसरी पार उजवीकडे, चाळिशीच्या आसपास, बुटकी पण ठसठशीत. आजूबाजूच्या दोन्ही गार महिन्यांची जमीन तिथे सपाट होती, त्यामुळे ती एकटीच उभी होती. मी त्या भागातल्या नोंदी काढून वेळा पाहिल्या. सगळ्या दुपारच्या शिफ्टच्या. महिन्याच्या शेवटच्या दोन-अडीच आठवड्यांतल्या, दोन्ही ओव्हन चालू असतानाच्या. मावशींनी कँटीनमध्ये जे सांगितलं होतं, ते अक्षरशः तसंच तिथे होतं.

मी फेब्रुवारीची स्लाइड शेजारी उघडून दोन्ही ताडून पाहिलं. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाहीये, कारण पुढच्या पाच मिनिटांत मी जो विचार केला तो मला पाठ आहे. स्लाइड वरपर्यंत गेली होती. प्लांट हेडनी ती दुसऱ्या प्लांटला नमुना म्हणून पाठवली होती. माझ्या प्रमोशनचं चाललं होतं. आता चूक सांगितली तर लोक विचारणार, हिच्या बाकीच्या आलेखांत काय काय लपलंय? शिवाय व्यवस्था ठरून गेलीये, वर्षाच्या मध्ये ठेकेदाराकडून जादा बाई कोण मागणार. शिवाय यंदाचा ऑक्टोबर गेल्या वर्षीसारखाच असेल असं थोडंच आहे. फेब्रुवारीच्या मीटिंगला नवा आलेख आणू, आपोआप दुरुस्त होईल. अशी एकेक वीट रचत मी भिंत घातली आणि तिच्याआड बसले.

दुरुस्त आलेख मी मुख्य ऑफिसला पाठवला. खाली एक ओळसुद्धा लिहिली नाही. त्यांनी 'मिळाला' एवढंच कळवलं. मी स्वतःला सांगितलं की मी काही लपवलेलं नाही, पाठवलाय ना. असलं स्वतःला सांगता येतं, आणि दोन महिने पुरतंही.

मधल्या काळात मावशी दोनदा भेटल्या. एकदा कंपनीच्या बसमध्ये, तळेगाव चौकात बस अडकून पडली होती तेव्हा. राजगुरुनगरला लेकीकडे जाऊन आल्या होत्या, नातवाचे दात सांगत होत्या. अर्धा तास आम्ही शेजारी बसलो होतो. सांगायला अर्धा तास पुष्कळ होता.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारच्या शिफ्टला, उतरवणीवर एक पोरगी चक्कर येऊन पडली. नुकतंच लग्न होऊन परभणीकडून आलेली, ठेकेदाराची. पडताना आधाराला तिने हात वर केला आणि तो ओव्हनमधून नुकत्याच बाहेर आलेल्या हँगरवर गेला. हातमोजा मनगटापर्यंतच असतो. त्याच्या वर कोपरापर्यंत भाजलं.

मला फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये एसीत बसले होते. धावत गेले. प्रथमोपचाराच्या खोलीत पोरगी बाकावर आडवी, डोळे मिटलेले, नर्स हातावर पाणी सोडत होती. मावशी पायाशी बसल्या होत्या. पोरीचे बूट काढून त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवले होते आणि ते तिथे आहेत हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"शिफ्टला येतानाच म्हणली व्हती मला, गरगरतंय म्हणून," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी म्हणलं, ह्यो काय उन्हाळा न्हाई, आपला महिना चितरात न्हाई, जरा दम काढ. म्याच म्हणलं, मॅडम. मीटिंगपासनं समद्या पोरींना मी तेच सांगत आले. कुणी उन्हाचं नाव काढलं की म्हणायची, मशिनीत दिसत न्हाई, तुमचीच नाटकं हायेत."

मी तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "पाणी पिता का मावशी?"

पोरीला दवाखान्यात नेलं. हात बरा व्हायला बरेच दिवस लागले आणि चामडी सुरकुतलेलीच राहिली. ठेकेदाराने तिला परत बोलावलं नाही. मावशी शिफ्ट सुटल्यावर रिक्षाने तिच्याकडे जात राहिल्या, डबा घेऊन. उतरवणीवरच्या दोघीतिघींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. 'कमिटीची बाई, साहेबांची बाई' असं कोणीतरी म्हणालं, ते माझ्याही कानावर आलं. त्या शिव्या माझ्या होत्या, त्या मावशींच्या पदरात पडत होत्या, आणि मी माझ्या जागेवर बसून मेल वाचत होते.

नोव्हेंबरमध्ये अपघाताची चौकशी लागली. मला त्या जागेच्या तापमानाच्या नोंदी मांडायला सांगितल्या. आता लपवायला जागाच नव्हती. मी नीट आलेख काढला. महिने कॅलेंडरच्या क्रमाने, ओळींत भरपूर अंतर, टेकडी टेकडीला टेकेल पण झाकणार नाही असं. दिसायला अगदी साधा. चौकशीच्या आधी मावशींना सांगायचं एवढं मात्र मी ठरवलं होतं. त्याचं श्रेय मी स्वतःला देत होते, हेही लिहून ठेवते.

जेवणाच्या सुट्टीनंतर कँटीन रिकामं झालं तेव्हा मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. फेब्रुवारीचा रंगीत आणि हा. पेन्सिल घेऊन मार्चच्या सुळक्यामागे ऑक्टोबरची राहिलेली रेघ ठिपक्याठिपक्यांनी काढून दाखवली. मागचं पुढच्याने कसं झाकलं, मी क्रम कसा उलटा लावला, रंग भरीव का केले, सगळं सांगितलं.

मावशींनी नव्या कागदावर बोट ठेवलं. उजवीकडच्या बुटक्या टेकडीवर, न चुकता. "ही दुपारची," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हंजी व्हतं ते. मी मीटिंगमदी तेच धुंडत व्हते तुमच्या चितरात. म्हणलं, आमाला भाजतंय ते गेलं कुठं." बोट तसंच होतं. "म्हंजी पोरी खोटं बोलत नव्हत्या."

"नाही मावशी. तुम्हीही नव्हतात. माझं चुकलं. तुमच्या माथी जे आलं ते सगळं माझं आहे."

मग त्यांनी विचारलं, आणि त्यात संशय नव्हता, नुसतंच विचारलं, "तुमाला कधी कळलं, मॅडम?"

ऑगस्ट. एकच शब्द होता. मी तो शब्द घेऊनच आले होते. कागदांइतकाच तोही टेबलावर ठेवायचा होता. समोर त्यांचं बोट होतं, टोकाला हँगरचे बारीक चटके बसून काळं झालेलं.

"आता," मी म्हणाले. "चौकशीसाठी काढताना."

त्यांनी सुस्कारा टाकला. किती दिवसांचा असेल कोण जाणे. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि थोपटलं, त्या पोरीला थोपटत असतील तसंच. "मग तुमचा काय इलाज व्हता, पोरी," त्या म्हणाल्या. "कळल्यावर सांगितलंत की. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

पहिल्यांदाच त्या मला मॅडम म्हणाल्या नव्हत्या.

चौकशीत त्यांनी तेच सगळ्यांपुढे सांगितलं, मॅडमनी स्वतःहून चूक कबूल केली म्हणून. ऑक्टोबर व्यवस्थेत आला. माझं प्रमोशनही झालं. उतरवणीवरच्या बायका मावशींशी पुन्हा बोलायला लागल्या, कारण त्यांनी एकेकीला गाठून नवा कागद दाखवला आणि हात जोडले. मी ज्याची माफी मागायची, ती माफी त्या बारा जणींकडे मागत फिरल्या. मुख्य ऑफिसला पाठवलेला तो ऑगस्टचा मेल अजून माझ्याकडे आहे, त्याच्यावर तारीख आहे, आणि मावशी कधी माझ्या कॉम्प्युटरवर येऊन मेल बघणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे.